बचतीची लाइन सपाट झाली म्हणजे काय? रनिंग टोटल आणि क्युम्युलेटिव्ह लाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्या उत्तरांमध्ये एकच उदाहरण वापरलंय, म्हणजे प्रत्येक वेळी नवे आकडे डोक्यात बसवायला नकोत. समजा कुणालातरी १२ महिन्यांत १,२०,००० जमवायचेत, सुरुवात शून्यापासून. म्हणजे सरासरी महिन्याला १०,००० टाकायला हवेत. प्रत्यक्षात असं झालं:

| महिना | या महिन्यात जमा | एकूण | टार्गेट |
|---|---|---|---|
| १ | १२,००० | १२,००० | १०,००० |
| २ | ११,००० | २३,००० | २०,००० |
| ३ | १२,००० | ३५,००० | ३०,००० |
| ४ | १०,००० | ४५,००० | ४०,००० |
| ५ | ४,००० | ४९,००० | ५०,००० |
| ६ | ३,००० | ५२,००० | ६०,००० |
| ७ | ३,००० | ५५,००० | ७०,००० |
| ८ | ९,००० | ६४,००० | ८०,००० |
| ९ | ११,००० | ७५,००० | ९०,००० |
| १० | २५,००० | १,००,००० | १,००,००० |
| ११ | ८,००० | १,०८,००० | १,१०,००० |
| १२ | ९,००० | १,१७,००० | १,२०,००० |

दहाव्या महिन्यातले २५,००० म्हणजे नेहमीचे १०,००० आणि वर एकदाच मिळालेले १५,०००, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दर महिन्याचे बार काढलेत की, मग ही वेगळी लाइन कशाला?

बार सांगतो या महिन्यात किती टाकले. क्युम्युलेटिव्ह लाइन सांगते आजपर्यंत सगळे मिळून किती झाले. बचतीचं टार्गेट हे नेहमी एकूण रकमेचं असतं ना, म्हणून टार्गेटशी तुलना करायची तर एकूणच बघायला हवं, बारांची मनातल्या मनात बेरीज करत बसून ते होत नाही.

पण माझ्या मते लाइनचा खरा फायदा वेगळाच आहे. एकाच लाइनमध्ये दोन गोष्टी दिसतात. लाइनची उंची म्हणजे आजवर काय जमलं, आणि लाइनचा चढ म्हणजे सध्या कुठल्या वेगाने जमतंय. जवळपास सगळे फक्त उंची बघतात, 'अरे वा ४९,००० झाले' म्हणतात आणि चार्ट बंद करतात. पण गडबड सुरू होते ती आधी चढात होते, उंचीत ती बरीच उशिरा दिसते. या पेजवरचे बाकीचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात.

चढ म्हणजे नक्की किती? डोळ्याने बघायचा की मोजायचा?

चढ म्हणजे त्या महिन्यात टाकलेली रक्कम, बास. तिसऱ्या महिन्याचा बिंदू ३५,००० वर आणि चौथ्याचा ४५,००० वर, मधला चढ १०,०००. जेवढे टाकाल तेवढीच लाइन वर जाते. काहीच नाही टाकलं तर ती आडवी, काढले तर खाली.

त्यामुळे चढाला एक अगदी साधी मोजपट्टी आहे, ती म्हणजे टार्गेटची लाइन. आपल्या उदाहरणात टार्गेटची लाइन शून्यापासून १,२०,००० पर्यंत सरळ जाते, तिचा चढ दर महिन्याला १०,०००. तुमची लाइन तिच्यापेक्षा जास्त उभी चढत असेल तर तुम्ही जवळ येताय किंवा पुढे जाताय, तिच्यापेक्षा आडवी असेल तर मागे पडताय, आणि दोन्ही समांतर असतील तर जो काही फरक आहे तो तसाच राहणार, ना वाढणार ना कमी होणार. टार्गेटची लाइन नसेल तर नुसता चढ बघून काही कळत नाही, म्हणून ती काढाच.

माझी लाइन वरच जातेय, मग काळजी कशाची?

हा गैरसमज सगळ्यात जास्त बघितलाय. जमा केलेल्या रकमेची रनिंग टोटल पैसे काढल्याशिवाय खाली जाऊच शकत नाही. महिन्याला अगदी १०० टाकले तरी ती वरच जाणार. म्हणजे 'लाइन वर जातेय' ही काही बातमीच नाही, ते तिच्या घडणीतच आहे. बातमी असते ती किती वर जातेय यात.

टेबलमध्ये पाचवा महिना बघा. चौथ्या महिन्याअखेर ही व्यक्ती टार्गेटच्या ५,००० पुढे होती. पाचव्यात फक्त ४,००० टाकले, तरी एकूण झाले ४९,००० आणि टार्गेट होतं ५०,०००. चार्टवर दोन्ही लाइनी जवळजवळ चिकटलेल्या दिसतात, वाटतं की आपण अगदी वेळेवर आहोत. पण चढ बघितला तर तो १०,००० वरून ४,००० वर आलाय, म्हणजे निम्म्याहून कमी. आधी जमवलेल्या ५,००० च्या आघाडीने ही घसरण झाकून टाकली एवढंच. पुढच्याच महिन्यात ८,००० मागे, त्याच्या पुढच्या महिन्यात १५,००० मागे. लाइन या दोन्ही महिन्यांत वरच जात होती.

मग लाइन थोडी सपाट झाली की लगेच घाबरायचं का?

नाही, एका महिन्यावरून काही ठरवू नका. एखादा महिना असा येतोच की काहीतरी मोठा खर्च निघतो आणि पुढच्या महिन्यात सगळं जाग्यावर येतं. मी शेवटच्या ३ महिन्यांचा वेग बघते, म्हणजे आजच्या एकूणमधून ३ महिन्यांपूर्वीचं एकूण वजा करायचं आणि ३ ने भागायचं.

चौथ्या महिन्याअखेर तो वेग ११,००० होता. पाचव्या अखेर ८,६६७, सहाव्या अखेर ५,६६७, सातव्या अखेर ३,३३३. पाचव्यात तो पहिल्यांदा १०,००० च्या खाली आला, तेव्हा नुसती नोंद घ्यायची. सहाव्यात आणखी खाली आला तेव्हा मात्र हा एखाद्या महिन्याचा अपवाद राहिलेला नाही, तिथे बसून विचार करायची वेळ आहे.

सहाव्या महिन्यात हा हिशोब लिहून बघितला तर काय निघतं? बाकी राहिले ६८,०००, सध्याचा वेग ५,६६७, भागाकार केला की बरोबर १२ महिने. म्हणजे जे टार्गेट आणखी ६ महिन्यांत गाठायचं होतं ते याच वेगाने आणखी १२ महिने घेणार. 'जरा कमी पडतोय' आणि 'दुप्पट वेळ लागणार' यात फरक आहे, आणि तो उंची बघून कळत नाही.

शेवटच्या ३ महिन्यांचाच वेग का? सुरुवातीपासूनची सरासरी घेतली तर जास्त भरवशाची नाही का?

ऐकायला तसं वाटतं खरं, पण या कामासाठी ती दिशाभूल करते. सातव्या महिन्याअखेर सुरुवातीपासूनची सरासरी काढा, ५५,००० भागिले ७, म्हणजे ७,८५७. त्या हिशोबाने उरलेले ६५,००० साधारण सव्वाआठ महिन्यांत होतील. शेवटच्या ३ महिन्यांचा वेग धरला तर साडेएकोणीस महिने लागतील. इतका फरक कारण सुरुवातीचे चार चांगले महिने सरासरीत अजून बसलेत आणि ते आता संपलेत, पुढच्या महिन्यांना त्यांचा काही उपयोग नाही.

उलट फार छोटा काळ घेतला, म्हणजे एकच महिना, तर आकडा प्रत्येक वेळी उड्या मारतो. ३ हा काही नियम नाही. ज्यांचं उत्पन्न फार वरखाली होतं त्यांनी ४ किंवा ६ घ्यावेत.

लाइन अचानक उभी चढली, म्हणजे टार्गेट गाठलंच समजायचं?

आधी बघायचं की ती का चढली. दहावा महिना घ्या. सलग पाच महिने मागे राहिलेली लाइन एका झटक्यात टार्गेटच्या लाइनला येऊन टेकली, १,००,००० ला १,००,०००. बघायला फार छान वाटतं. पण त्यातले १५,००० एकदाच आलेले आहेत. ते काढून शेवटच्या ३ महिन्यांचा नेहमीचा वेग काढला तर ९,००० अधिक ११,००० अधिक १०,०००, भागिले ३, म्हणजे बरोबर १०,०००. उरलेले २०,००० दोन महिन्यांत करायचे म्हणजे महिन्याला १०,०००, तेही जमतंय असं दिसतं. पण हातात राखीव काहीच नाही, एक महिना जरी जरा कमी पडला तरी चुकणार. आणि तसंच झालं, पुढचे दोन महिने ८,००० आणि ९,०००, शेवटी ३,००० कमी पडले.

जर त्या दहाव्या महिन्यातले १५,००० वेगात धरले असते तर वेग दिसला असता १५,०००, आणि १५,००० वेग असलेल्या माणसाला २०,००० साठी दोन महिने आहेत म्हटल्यावर तो निवांतच होणार ना.

एकरकमी पैसे आले की लाइनची उंची वाढते आणि ती कायमची वाढते, ते पैसे खरेच आहेत. पण चढ फक्त त्या एका महिन्यापुरता वाढतो. त्याच्या पुढच्या महिन्यात लाइन परत जुन्याच चढावर येते. ओळखायची खूण एवढीच की उभ्या चढानंतरचा दुसरा आणि तिसरा तुकडाही तसाच उभा आहे का. असेल तर सवय खरंच बदलली. नसेल तर ती एक उडी होती. शीटमध्ये अशा रकमेसमोर एका कॉलममध्ये 'एकदाच' असं लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

आठव्या-नवव्या महिन्यात परत नीट पैसे टाकले तरी फरक कमीच होईना. असं का?

कारण नीट टाकणं आणि भरून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठव्यात ९,००० आणि नवव्यात ११,०००, मिळून २०,०००, म्हणजे टार्गेटने त्या दोन महिन्यांत मागितले तेवढेच. सातव्या अखेर १५,००० मागे, नवव्या अखेरही १५,००० मागे. लाइन टार्गेटला समांतर धावतेय. मेहनत जुन्या वेगाला परत आली पण मधले तीन महिने जे राहिलं ते राहिलंच.

बरेच जण इथे वैतागून चार्ट सोडून देतात, 'एवढं करून पण मागेच'. त्यापेक्षा एक तिसरी लाइन काढा, तुटक रेषेने, आज तुम्ही जिथे आहात त्या बिंदूपासून थेट शेवटच्या टार्गेटपर्यंत. तिचा चढ म्हणजे आता इथून पुढे लागणारा वेग. सुरुवातीला तो १०,००० होता. सातव्या अखेर बाकी ६५,००० आणि महिने ५, म्हणजे १३,०००. नवव्या अखेर बाकी ४५,००० आणि महिने ३, म्हणजे १५,०००. दोन महिने व्यवस्थित टाकूनही लागणारा वेग १३,००० वरून १५,००० वर गेला, कारण तेवढाच फरक आता कमी महिन्यांवर वाटला जातोय.

या तुटक लाइनचा चढ तुम्ही कधीच गाठला नसेल इतका उभा झाला की समजायचं की आता जास्त जोर लावून होणार नाही, तारीख किंवा रक्कम बदलावी लागेल. आपल्या उदाहरणात सगळ्यात चांगला नेहमीचा महिना १२,००० चा होता. म्हणजे सातव्या अखेर १३,००० लागत होते तेव्हाच ते अवघड झालं होतं.

शीटमध्ये रनिंग टोटल कशी काढायची?

A कॉलममध्ये महिना, B मध्ये महिन्याची जमा, C मध्ये एकूण. C2 मध्ये हा फॉर्म्युला टाका आणि खाली ओढा:

```
=SUM(B$2:B2)
```

डॉलर चिन्हामुळे सुरुवात B2 लाच अडकून राहते आणि शेवट सरकत जातो. काही जण `=C2+B3` असं वरच्या ओळीत मिळवत जातात, तेही चालतं, पण मधली एखादी ओळ डिलीट केली की खालचं सगळं `#REF!` होऊन बसतं, म्हणून मला पहिलाच बरा वाटतो.

D मध्ये टार्गेट, म्हणजे महिन्याचा नंबर गुणिले १०,०००. मग A, C आणि D सिलेक्ट करून लाइन चार्ट.

महिना तर आत्ता सहावाच चालू आहे, पण माझी लाइन पुढे बाराव्यापर्यंत आडवी काढलेली दिसते. हे काय?

ही खोटी सपाटी आहे. तुम्ही फॉर्म्युला बाराही ओळींत ओढलात, पुढच्या महिन्यांची जमा रिकामी आहे, रिकाम्याची बेरीज शून्य, म्हणून एकूण तोच आकडा पुढे पुढे कॉपी होत राहतो. चार्टला काय माहीत तो महिना अजून आलाच नाही, तो आपला आडवी रेघ काढतो. आणि बघणाऱ्याला वाटतं बचत ठप्प झाली.

उपाय म्हणून बरेच जण रिकामा मजकूर, म्हणजे `""`, टाकतात. एक्सेलमध्ये त्याने आणखी बिघडतं, कारण चार्ट त्याला शून्य समजतो आणि लाइन धाडकन खाली तळाला जाते. त्याऐवजी हे वापरा:

```
=IF(B2="",NA(),SUM(B$2:B2))
```

ज्या महिन्याची जमा भरलेली नाही तिथे `#N/A` येतं आणि लाइन शेवटच्या खऱ्या महिन्यावर थांबते. शीटमध्ये ते जरा खुपतं, अक्षरांचा रंग फिका करून टाका. फक्त एक पथ्य पाळा, ज्या महिन्यात खरंच काही टाकलं नाही तिथे सेल रिकामा न सोडता 0 लिहा. तो महिना खरा सपाट आहे आणि तो तसा दिसलाच पाहिजे.

मी महिन्यातून एकदाच पैसे टाकते पण नोंद रोजची ठेवते, लाइन जिन्यासारखी दिसते. प्रत्येक पायरीवर ती सपाटच आहे!

ती सपाटी मोजायचीच नाही. पगार महिन्याला येत असेल तर मधले दिवस आडवेच असणार. जिन्यात पायरीचा सपाट भाग बघून कुणी म्हणत नाही की जिना संपला, तसंच हे, एका पायरीच्या कडेपासून दुसऱ्या पायरीच्या कडेपर्यंत किती वर गेलो ते बघायचं. सोप्पा मार्ग म्हणजे चार्टसाठी महिन्याअखेरचेच आकडे घ्या आणि रोजच्या नोंदी बाजूच्या शीटमध्ये राहू द्या.

ज्यांचे पैसे अधूनमधून कधीही येतात त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या नोंदींमधलं अंतर कधी ३ दिवस, कधी ४० दिवस. चार्टचा आडवा अक्ष जर नोंदी सारख्या अंतरावर मांडत असेल तर ३ दिवसांचा तुकडा आणि ४० दिवसांचा तुकडा एकाच रुंदीचा दिसतो, आणि मग चढाला काही अर्थच उरत नाही. एक्सेलमध्ये आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये `Text axis` च्या जागी `Date axis` निवडा, आणि तारखा खऱ्या तारखा म्हणून भरलेल्या आहेत ना, मजकूर म्हणून नाहीत ना, तेही बघा.

चार्ट रुंद केला की लाइन आडवी दिसते, उंच केला की उभी. खरं कुठलं?

दोन्ही खरं आणि दोन्ही निरुपयोगी, म्हणूनच कोन बघायचा नसतो. टार्गेटची लाइनही त्याच चार्टवर तेवढीच ताणली जाते, त्यामुळे तिच्याशी केलेली तुलना बदलत नाही.

उभा अक्ष मात्र शून्यापासूनच ठेवा. तो ४५,००० पासून सुरू केला आणि फक्त पाचवा ते सातवा महिना दाखवला तर ४९,००० ते ५५,००० ही वाट अगदी डोंगर चढल्यासारखी दिसेल, प्रत्यक्षात ते वर्षातले सगळ्यात वाईट महिने आहेत. आणि `Smoothed line` वर टिक असेल तर काढून टाका, ती बिंदूंमध्ये गोलाई आणते आणि लाइन नक्की कुठे मोडली तेच लपवते.

टार्गेट मोठं आहे, आता एका महिन्याची गडबड चार्टवर दिसतच नाही. काय करू?

क्युम्युलेटिव्ह लाइनचा हा खरा कमकुवतपणा आहे. रक्कम जशी मोठी होते तसा अक्ष मोठा होतो आणि एक महिना त्यात बारीक होत जातो. आपल्या उदाहरणात शेवटचे ३,००० कमी पडले ते चार्टच्या उंचीच्या चाळिसाव्या भागाएवढे आहेत, मोबाईलवर तर दोन लाइनी एकच वाटतील.

यासाठी दुसरा छोटा चार्ट काढा, फक्त फरकाचा, म्हणजे एकूण वजा टार्गेट. शून्याची रेघ मध्ये, वर गेलं की पुढे, खाली गेलं की मागे. आपल्या आकड्यांचा फरक असा फिरतो: चौथ्या महिन्यापर्यंत चढत ५,००० पुढे, मग सरळ खाली आठव्या महिन्यात १६,००० मागे, दहाव्यात शून्यावर, शेवटी ३,००० मागे. हा अक्ष एकूण २१,००० चाच आहे, त्यामुळे तेच ३,००० आता उंचीच्या सातव्या भागाएवढे दिसतात. आणि इथे वाचायला पण सोपं, मुख्य लाइन टार्गेटपेक्षा सपाट झाली की फरकाची लाइन थेट खाली वळते, डोळ्याला अंदाज करावा लागत नाही. मला स्वतःला दोनपैकी एकच चार्ट ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवेन.

खात्यात व्याज पण येतं, ते लाइनमध्ये धरायचं का?

टार्गेट गाठलं की नाही यासाठी धरायचं, पण स्वतःचा वेग बघण्यासाठी नाही. दोन लाइनी ठेवा, एक फक्त आपण टाकलेल्या पैशांची आणि एक व्याजासकट.

वर्षभराच्या टार्गेटला व्याजाने फार काही बिघडत नाही, पण लांबच्या टार्गेटला ते सपाटी पूर्ण झाकू शकतं. समजा व्याज महिन्याला अर्धा टक्का. खात्यात १,००,००० असताना महिन्याचं व्याज ५००, तुमचे १०,००० धरून लाइन १०,५०० ने चढते. काही वर्षांनी खात्यात १०,००,००० झाले की व्याजच ५,०००. तेव्हा तुम्ही १०,००० चे ६,००० टाकायला लागलात तरी लाइन ११,००० ने चढते, म्हणजे आधीपेक्षा जास्त उभी! तुमचा हात ४,००० ने आखडलाय आणि चार्ट सांगतोय वेग वाढला. फक्त जमा रकमेची लाइन असेल तर तिथे ही सपाटी लगेच दिसते.

जिथे किंमत वरखाली होते अशा गुंतवणुकीला तर हे दुप्पट लागू, तिथे बाजारभावाची लाइन आणि टाकलेल्या पैशांची लाइन एकत्र करूच नका.

मध्येच पैसे काढावे लागले तर?

ज्या महिन्यात काढले त्या महिन्यात वजा चिन्हाने लिहा. मागची जमा खोडून 'टाकलेच नव्हते' असं करू नका, नाहीतर जुन्या महिन्यांचा चढ बदलतो आणि तेव्हा नक्की काय वेगाने जमत होतं तेच हरवतं. लाइन त्या महिन्यात खाली येईल, येऊ दे. काढल्यानंतरचा चढ आधीसारखाच असेल तर वेग शाबूत आहे, फक्त उंची गेली. काढल्यानंतर चढही कमी झाला असेल तर ज्या कारणासाठी काढले ते कारण अजून संपलेलं नाही.

दरवर्षी ठरावीक महिन्यांत खर्च जास्त असतो, तेव्हा लाइन सपाट होणारच. दरवेळी मागे दिसणं बरं नाही वाटत.

मग टार्गेटची लाइन सरळ असायलाच हवी असं कुठे आहे? पाचवा, सहावा आणि सातवा महिना जड जाणार हे आधीच माहीत असेल तर त्या तीन महिन्यांना टार्गेट ४,००० धरा, मिळून १२,०००. उरलेले १,०८,००० बाकीच्या ९ महिन्यांवर वाटा, प्रत्येकी १२,०००. टार्गेटची लाइन मध्ये सपाट होईल आणि तुमचीही, दोन्ही सोबत असतील तर काळजीचं कारण नाही. यातला मोठा फायदा म्हणजे चांगल्या महिन्यांना खरोखर किती लागणार ते सुरुवातीलाच कळतं. वरच्या उदाहरणातले पहिले चार महिने सरळ टार्गेटच्या पुढे वाटत होते, पण या वाकड्या टार्गेटने बघितलं तर चौथ्या अखेर ४८,००० हवे होते आणि होते ४५,०००, म्हणजे तेव्हाच ३,००० मागे.

अट एकच, हे वाकवणं सुरुवातीला करायचं. लाइन सपाट झाल्यावर टार्गेट तिच्या मापाने वाकवलं तर फरक कायम शून्यच दिसणार.

आणि अर्ध्यात टार्गेटची तारीखच बदलायची असेल तर?

जुनी टार्गेट लाइन पुसू नका, फिकी करा. नवी लाइन आजच्या बिंदूपासून सुरू करा, शून्यापासून नाही. सातव्या महिन्याअखेर ठरवलं की १२ ऐवजी १४ महिने घेऊ, तर बाकी ६५,००० भागिले ७, म्हणजे महिन्याला साधारण ९,२८६. नवी लाइन ५५,००० पासून निघून चौदाव्या महिन्यात १,२०,००० ला पोचते. शून्यापासून नवी लाइन काढली तर सातव्या महिन्याला ती ६०,००० वर असेल आणि तुम्ही तारीख पुढे ढकलूनही पहिल्याच दिवशी ५,००० मागे दिसाल. त्या ५,००० चा हिशोब ९,२८६ मध्ये आधीच धरलेला आहे, तो परत धरायची गरज नाही.